भाड्याची जाहिरात अरबीत आणताना

पुण्यातल्या एखाद्या अरब विद्यार्थ्यासाठी फलकाच्या फोटोतला मजकूर अरबीत आणायचा आहे: ‘२ बीएचके, सेमी फर्निश्ड, भाडे २० के, डिपॉझिट ६० के’. बीएचके ही अक्षरे अरब वाचकाला काहीच सांगत नाहीत. तिथे ‘शक्का : गुर्फता नौम व साला व मत्बख’, म्हणजे झोपायच्या दोन खोल्या, दिवाणखाना आणि स्वयंपाकघर असलेला फ्लॅट, असे उलगडून लिहावे लागते. ‘के’चे ‘अल्फ’, म्हणजे हजार, होते आणि पुढे रुपयांचा उल्लेख हवाच.

‘मफ्रूशा’ म्हटले की पलंग-सोफा असलेले घर डोळ्यांसमोर येते. आपल्याकडच्या सेमी फर्निश्डमध्ये बहुधा कपाटे, पंखे, दिवे एवढेच असते. म्हणून ‘निस्फ मफ्रूशा’वर न थांबता घरमालकाला विचारून वस्तूंची नावे द्यावीत.

खरा धोका डिपॉझिटमध्ये आहे. ‘ईदाअ’ म्हणजे बँकेत ठेवलेली रक्कम, तर ‘अरबून’ म्हणजे बयाणा, जो व्यवहार मोडल्यास बहुधा बुडतो. घर सोडताना परत मिळणाऱ्या रकमेला ‘तअमीन मुस्तरद्द’ म्हणावे. फोटोत ६० की ८० हे पुसट असेल, तर अंदाजाने आकडा न लिहिता तो विचारून घ्यावा.