टिटॅनसची लस आणि एक नकाशा

अमेरिकेतल्या येल विद्यापीठात 1960च्या दशकात हॉवर्ड लेव्हेंथल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना टिटॅनसविषयीच्या पुस्तिका वाचायला दिल्या. काही पुस्तिका साध्या होत्या, तर काहींत अंगावर काटा येईल अशी वर्णनं आणि छायाचित्रं होती. भीतिदायक पुस्तिका वाचणाऱ्यांनी लस घेण्याची इच्छा जास्त ठामपणे सांगितली. पण नुसती पुस्तिका वाचलेल्यांपैकी लस घ्यायला गेले जेमतेम 3 टक्के, आणि पुस्तिका किती घाबरवणारी होती याने त्यात फरक पडला नाही.

दुसऱ्या गटाला पुस्तिकेसोबत विद्यापीठाचा नकाशा मिळाला. त्यात आरोग्य केंद्राभोवती वर्तुळ काढलेलं होतं. आपलं आठवड्याचं वेळापत्रक बघून कधी जमेल ते ठरवा, असंही त्यांना सांगितलं होतं. या गटातल्या सुमारे 28 टक्के विद्यार्थ्यांनी लस घेतली. इतकी वर्षं तिथे शिकणाऱ्या मुलांना आरोग्य केंद्र कुठे आहे हे बहुधा माहीतच होतं. नकाशामुळे त्यांना वाट कळली नसेल, पण कोणत्या दिवशी, कुठला तास संपल्यावर तिकडे वळायचं हे ठरलं.

सवयी, बचत, झोप, वेळेचं नियोजन यांवरची पुस्तकं एकामागून एक वाचणारे आणि तासन्‌तास प्रेरक व्हिडिओ बघणारे लोक बहुतेकदा पहिल्या गटात अडकलेले असतात. त्यांना आळशी म्हणणं अन्यायाचं आहे. वाचताना त्यांची इच्छा खरोखर वाढते, आणि ती वाढल्याचं समाधान इतकं खरं वाटतं की काहीतरी झालं असा भास होतो. चार दिवसांनी ते ओसरलं की पुढचं पुस्तक हाती येतं.

ब्रिटनमध्ये 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हे आणखी स्पष्ट दिसलं. आठवड्यातून एकदा तरी किमान वीस मिनिटं दमदार व्यायाम करायचा, एवढंच विद्यार्थ्यांपुढचं उद्दिष्ट होतं. काहीही विशेष न दिलेल्या गटात 38 टक्क्यांनी व्यायाम केला. हृदयविकार आणि व्यायामाविषयीचा प्रेरक मजकूर वाचलेल्या गटात हे प्रमाण 35 टक्के होतं. तिसऱ्या गटाने तोच मजकूर वाचला आणि अमुक दिवशी, अमुक वाजता, अमुक ठिकाणी व्यायाम करीन, असं लिहूनही काढलं. त्यांच्यापैकी 91 टक्क्यांनी व्यायाम केला.

असं वाक्य लिहिण्याची पद्धत जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी मांडली. त्यात ‘अमुक घडलं की मी तमुक करीन’ अशी जोडी असते. समजा, झोपेवरची तीन पुस्तकं वाचलेल्या एका बाईंना रात्रीचा मोबाईल कमी करायचा आहे. ‘उद्यापासून मोबाईल कमी’ या निश्चयात सुरुवात कुठून करायची तेच नाही. त्याऐवजी त्या लिहितात, ‘रात्री ओटा पुसून झाला की मोबाईल बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावीन.’ ओटा रोज पुसला जातोच, त्यामुळे आठवण आपोआप होते. मोबाईल लावला की नाही, याचं उत्तर हो किंवा नाही एवढंच असतं. ‘वेळ मिळाला की’ किंवा ‘मन झालं की’ अशी सुरुवात केली, तर तो क्षण ओळखताच येत नाही.

तिसऱ्या-चौथ्या रात्री अडचण समोर येते. पहाटेचा गजर मोबाईलवरच आहे, म्हणून तो पुन्हा उशाशी येतो. ही अडचण कुठल्याही पुस्तकात सापडली नसती. तिचा उपाय म्हणजे एक साधं गजराचं घड्याळ. ओटा पुसायचं काम कधी बाईंकडे, कधी मुलाकडे असेल, तर ती खूण चुकीची निवडली गेली आहे. मग दाराची कडी लावणं किंवा रात्रीची गोळी घेणं अशी रोज स्वतःच्या हातून होणारी दुसरी खूण घ्यावी लागते.

या पद्धतीला मर्यादा आहेत. मुळात इच्छाच नसेल, तर वाक्य लिहून काही होत नाही. आणि एकाच वेळी अनेक उद्दिष्टांसाठी अशी वाक्यं लिहिली, तर त्यांचा फायदा मावळतो, असं एमी डाल्टन आणि स्टीफन स्पिलर यांच्या 2012च्या संशोधनात दिसलं. एवढं सगळं पार पाडणं किती कठीण आहे, हेच माणसाच्या नजरेत भरू लागतं. एका पुस्तकातून दहा गोष्टी उचलणाऱ्या वाचकाचं नेमकं इथेच बिनसतं. त्याने त्यातली एक ठेवून बाकीच्या नऊ काही महिन्यांसाठी बाजूला ठेवाव्यात.

महिने म्हणण्याला कारण आहे. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी रोजची एक नवी कृती अंगवळणी पडायला किती दिवस लागतात ते पाहिलं. मध्यक आला 66 दिवसांचा. व्यक्ती आणि कृतीनुसार हा आकडा 18 पासून 254 दिवसांपर्यंत बदलत होता. मधला एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात म्हणण्यासारखा अडथळा आला नाही. म्हणजे पाहुणे आले त्या रात्री मोबाईल उशाशी राहिला, तरी दुसऱ्या रात्री तेच वाक्य तसंच पुढे चालवता येतं.