माहिती अधिकाराच्या उत्तरातला हरवलेला मुद्दा क्रमांक 3

माहिती अधिकार कायद्याला 20 वर्षे झाली, त्यानिमित्त प्रलंबित अपिलांवर बरीच चर्चा झाली. अपील करायला लावणाऱ्या उत्तरांच्या मांडणीकडे मात्र कुणी पाहत नाही. माझ्या मते बरेच दुखणे तिथेच आहे.

समजा, एका नागरिकाने नगरपरिषदेकडे वॉर्डातल्या रस्त्याबद्दल पाच मुद्दे विचारले: कार्यादेश, मोजमाप पुस्तिका, डांबराचा चाचणी अहवाल, अंतिम देयक आणि दोषदायित्वाचा कालावधी. चाचणी अहवाल फाइलमध्ये नाही. लिपिक तो मुद्दा गाळतो आणि उरलेल्या चार उत्तरांना 1 ते 4 क्रमांक देतो. आता उत्तरातला ‘3’ म्हणजे अर्जातला 4. प्रथम अपिलीय अधिकाऱ्यासमोर पत्र जाते तेव्हा क्रमांक सलग दिसतात, ‘माहिती पुरविली आहे’ असा शेरा पडतो आणि प्रकरण निकाली निघते. नेमका ज्या कागदासाठी अर्ज केला होता, त्याचा उल्लेखच कुठे उरत नाही.

म्हणून अर्जातला क्रमांक उत्तरात जसाच्या तसा राहिला पाहिजे, देण्यासारखे काही नसले तरी. नुसते ‘उपलब्ध नाही’ लिहूनही भागत नाही. अहवाल मुळात तयारच झाला नव्हता, तर तसे स्पष्ट लिहावे. नसलेली माहिती नव्याने तयार करून देण्याचे बंधन नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात सांगितले आहे. पण चाचणीच झाली नव्हती, हे नागरिकाला कळणे हीच मोठी माहिती आहे! अहवाल होता आणि गहाळ झाला असेल, तर शोध आणि जबाबदारी यांचा प्रश्न येतो. तो द्यायचा नसेल, तर कलम 7(8) प्रमाणे नकाराचे कारण, अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकाऱ्याचा तपशील कळवावा लागतो. आणि तो दुसऱ्या प्राधिकरणाकडे असेल, तर कलम 6(3) नुसार अर्जाचा तेवढा भाग पाच दिवसांत तिकडे पाठवायचा असतो.

या शेवटच्या प्रसंगी उत्तर असे हवे:

‘मुद्दा क्र. 3: चाचणी अहवालाची प्रत या कार्यालयाच्या अभिलेखात नाही. चाचणी सार्वजनिक बांधकाम विभागाच्या प्रयोगशाळेत झाली असल्याने अर्जाचा हा भाग कलम 6(3) अन्वये त्या विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्यांकडे पाठविला आहे. हस्तांतरण पत्राची प्रत सोबत जोडली आहे.’

त्यानंतर मुद्दा 4 आणि 5, आपापल्या जागी. एवढ्याने अर्जदाराला पुढे कुठे जायचे ते कळते.

उत्तर हाती येताच अर्जाची स्थळप्रत शेजारी ठेवून एकेक मुद्दा ताडून पाहावा. क्रमांक घसरलेला दिसला, तर 30 दिवसांच्या आत प्रथम अपील करावे आणि त्यात ‘माहिती अपूर्ण’ असे मोघम न लिहिता ‘अर्जातील मुद्दा क्र. 3 ला उत्तर नाही; उत्तरातील क्र. 3 हा अर्जातील क्र. 4 आहे’ असे नेमके मांडावे.