नदीपलीकडचा मनोरा

मनोरा नदीपलीकडे आहे, पायथ्याशी जाता येत नाही. तरी उंची काढता येते. दोन कोन पुरतात.

काठावरून शेंड्याकडे पाहिले तर उन्नत कोन ६०° भरतो. सपाट जमिनीवर सरळ ४० मीटर मागे गेले की तो ३०° होतो. ६०° ला उंची अंतराच्या १.७३ पट असते. ३०° ला उलट, अंतरच उंचीच्या १.७३ पट. म्हणजे दुसरे अंतर पहिल्याच्या तिप्पट! वाढलेले ४० मीटर ही पहिल्या अंतराची दुप्पट, म्हणून पहिले अंतर २० मीटर आणि उंची सुमारे ३४.६ मीटर.

ही उंची डोळ्यांच्या पातळीपासूनची. जमिनीपासून डोळ्यांपर्यंतचे दीडेक मीटर त्यात मिळवायचे असतात, आणि नेमके तेच राहून जाते. शेंड्यावरून त्याच डोळ्यांकडे खाली पाहिले, तर अवनत कोनही तेवढाच येतो.

कोन मात्र जपून मोजावा: ३०° ऐवजी ३१° वाचला, तरी उत्तर दोन मीटरांनी फुगते.