जुन्या साहेबांकडे शिफारस मागताना

लिंक्डइनवर जुन्या वरिष्ठांकडे शिफारस मागायला फारसा वेळ लागत नाही. त्यांच्या प्रोफाइलवर ‘More’ दाबलं की ‘Request a recommendation’ हा पर्याय दिसतो. त्यांचं-आपलं कामातलं नातं काय होतं, त्या वेळी आपण कोणत्या पदावर होतो, हे निवडलं आणि छोटा निरोप लिहिला की विनंती जाते. अडतं ते त्या निरोपापाशी. ‘माझ्यासाठी शिफारस लिहाल का?’ एवढंच विचारलं, तर साहेबांना चार वर्षांपूर्वीचं काय आठवणार? मग विनंती तशीच पडून राहते, नाही तर ‘मेहनती, प्रामाणिक, सगळ्यांशी मिळून-मिसळून वागणारी’ अशी दोन वाक्यं येतात, जी ऑफिसातल्या कुणालाही लागू पडतील.

समजा, नाशिकच्या सातपूर भागातल्या वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात एक क्वालिटी इंजिनिअर होती. तिचे तेव्हाचे मॅनेजर आता चेन्नईला दुसऱ्या कंपनीत आहेत. तिला पुरवठादारांच्या गुणवत्तेवर देखरेख करण्याची नोकरी हवी आहे. ती आधी साहेबांना फोन करते, ख्यालीखुशाली विचारते आणि मग विषय काढते. फोनवर होकार मिळाला की लिंक्डइनवरून विनंती पाठवते. दोघं तिथे एकमेकांशी थेट जोडलेले असावे लागतात, तेही ती आधी पाहून घेते. विनंतीसोबतचा तिचा निरोप असा:

‘नमस्कार सर. फोनवर बोलल्याप्रमाणे विनंती पाठवते आहे. मी आता सप्लायर क्वालिटीच्या जागांसाठी अर्ज करते आहे. तुम्हाला आठवत असेल आणि पटत असेल, तर या दोन गोष्टींबद्दल लिहाल का? ब्रॅकेटच्या भोकांची जागा सरकत होती, तेव्हा मी दुसऱ्या पाळीत लाइनवर थांबून फिक्स्चरची पिन झिजल्याचं शोधलं होतं आणि पिन तपासण्याचं वेळापत्रक लावलं होतं. आणि अंबडच्या व्हेंडरकडे आपण दोघं गेलो होतो, त्यानंतर त्यांची तपासणीची पद्धत मी बसवून दिली होती. कंपनीच्या धोरणामुळे किंवा इतर कशामुळे जमणार नसेल, तर मोकळेपणाने सांगा. महिनाअखेरपर्यंत जमलं तरी चालेल.’

निरोप एवढाच. यात तिने स्वतःची एकही स्तुती केलेली नाही. साहेबांनी स्वतः पाहिलेले दोन प्रसंग तेवढे आठवून दिले आहेत. प्रसंग निवडताना खरी कसोटी हीच: साहेब याचे साक्षीदार होते का? दुसऱ्या विभागात गाजवलेलं काम त्यांच्या तोंडी घातलं, तर त्यांना ते उसनं वाटतं आणि ते गुळमुळीत लिहितात. दुसरी कसोटी पुढच्या नोकरीची. या इंजिनिअरने ऑडिटसाठी रात्री जागून कागद तयार केले असतील, पण नव्या जागेसाठी व्हेंडरचा प्रसंग जास्त बोलका आहे, म्हणून ऑडिट वगळलेलं बरं. मुद्दे दोन, फार तर तीन. आठ-दहा पाठवले की वाचणाऱ्याला ते पाठ करून लिहिण्यासारखं होतं.

आकड्यांचं मात्र जपून. ग्राहकाकडून किती माल परत आला, कोणत्या गाडीचा भाग होता, ही जुन्या कंपनीची माहिती आहे, आणि शिफारस प्रोफाइलवर उघड दिसते. ‘त्या तक्रारी थांबल्या’ एवढं पुरतं. शिवाय काही कंपन्या मॅनेजरांना असं लेखी काही द्यायला मनाई करतात. एचआर फक्त पद आणि कालावधी कळवतं. म्हणूनच नकाराची वाट तिच्या निरोपात मोकळी ठेवलेली आहे.

संपूर्ण मजकूर तयार करून ‘फक्त पेस्ट करा, सर’ म्हणण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण तीन जणांना एकच मसुदा दिला की तिघांच्या शिफारशीत तीच वाक्यरचना दिसते आणि नोकरीवर घेणाऱ्याच्या ते लगेच लक्षात येतं. शिफारशीसोबत तारीखही असते. तीन शिफारशी एकाच आठवड्यातल्या असल्या, तर नोकरीची शोधाशोध सुरू झाल्याचं सध्याच्या साहेबांनाही कळू शकतं. त्यामुळे नोकरी सोडल्यानंतर लवकरच, आठवणी ताज्या असताना विनंती करणं सगळ्यांत सोयीचं.

साहेबांनी लिहिलेलं थेट प्रोफाइलवर जात नाही. ते आधी तिला दिसतं, आणि ती ते स्वीकारू शकते, बाजूला ठेवू शकते किंवा दुरुस्तीसाठी परत पाठवू शकते. परत पाठवायचं ते चुकलेल्या तपशिलासाठी: पद चुकलं, साल चुकलं, ग्राहकाचं नाव आलं. शैली साहेबांची आहे, ती तशीच राहू द्यावी. त्यांनी ‘सुरुवातीला ती फार कमी बोलायची, पण व्हेंडरसमोर ठाम राहिली’ असं लिहिलं असेल, तर पहिला अर्धा भाग काढायला सांगू नये. तिला जवळून पाहिलेल्या माणसाने लिहिलंय, हे त्याच अर्ध्या वाक्यातून कळतं.