टेंगूळ कुठे आलं?

पाच-सहा महिन्यांचं बाळ उपडं व्हायला शिकलं, हे घरातल्या सगळ्यांना कळायच्या आतच ते पलंगावरून खाली आलेलं असतं. दोन्ही बाजूंना उशा लावलेल्या असतात, आई दुपटं आणायला म्हणून आत वळलेली असते, आणि धप्पकन आवाज येतो. क्षणभर शांतता, मग टाहो. उचलून घेईपर्यंत कपाळावर सुपारीएवढं टेंगूळ आलेलं असतं आणि घरात दोन प्रश्न उभे राहतात : दवाखान्यात न्यायचं का, आणि आता झोपू द्यायचं का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर टेंगूळ किती मोठं आहे यापेक्षा ते कुठे आहे आणि बाळ कसं वागतंय यावर जास्त ठरतं. कपाळाचं टेंगूळ पटकन टरारून येतं, निळंजांभळं होतं आणि पाहणाऱ्याचा जीव घाबरा करतं. पण बाळ नेहमीसारखं असेल, तर हीच जागा त्यातल्या त्यात कमी काळजीची. कपाळाचं हाड तुलनेने जाड असतं. कानाच्या वरचं आणि डोक्याच्या बाजूचं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतून मेंदूच्या आवरणाची रक्तवाहिनी जाते. त्यामुळे बाजूला किंवा मागे आलेली सूज दिसायला किरकोळ असली तरी डॉक्टरांनी पाहायला हवी, मग बाळ हसत-खेळत असलं तरीही.

हे नुसतं अनुभवावरून बोललं जात नाही. २००९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात उत्तर अमेरिकेतल्या २५ रुग्णालयांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. डोक्याला मार लागून तातडीच्या विभागात आलेली, पण शुद्धीवर असलेली ४२ हजारांहून अधिक मुलं त्यात तपासली होती. दोन वर्षांखालच्या मुलांसाठी त्यातून सहा प्रश्न निघाले. मूल गुंगीत किंवा विचित्र वागतंय का? कवटीचं हाड मोडल्याचं हाताला लागतंय का? कपाळ सोडून इतरत्र सूज आहे का? पाच सेकंद किंवा जास्त वेळ शुद्ध हरपली होती का? तीन फुटांपेक्षा उंचावरून पडलं किंवा तसाच जोराचा मार बसला का? आणि आईवडिलांना ते ‘नेहमीसारखं नाही’ असं वाटतंय का? सहाही उत्तरं ‘नाही’ असतील, तर मेंदूला गंभीर इजा असण्याची शक्यता पाच हजारांत एकापेक्षाही कमी निघाली. शेवटच्या प्रश्नाकडे विशेष लक्ष द्यावं. ‘आज याचं काहीतरी बिनसलंय’ हे आईचं म्हणणं डॉक्टरांच्या दृष्टीने पुरावा आहे, आणि आईने ते संकोच न करता सांगावं.

उंचीचा हिशेब घरच्या घरी करता येतो. आपल्याकडचा दिवाण किंवा पलंग गादीसकट साधारण दीड-दोन फुटांचा असतो, म्हणजे तीन फुटांच्या आत. मोठ्या माणसाच्या कडेवरून निसटलेलं बाळ मात्र त्याहून उंचावरून पडतं, आणि जिन्यावरून किंवा ओट्यावरून पडलेलंही. पडताना टेबलाचा कोपरा लागला असेल, तर उंची कमी असली तरी मार एकाच जागी जोरात बसतो. तीन महिन्यांपेक्षा लहान बाळ कितीही कमी उंचीवरून पडलं तरी दाखवून यावं, कारण इतक्या लहान बाळात लक्षणं फार पुसट असतात.

एकाच पलंगावरून पडलेली दोन बाळं समजा. पहिलं आठ महिन्यांचं. पडल्या पडल्या रडलं, दहा मिनिटांत शांत झालं, अंगावर प्यायलं, रडण्याच्या भरात एकदा दूध काढलं. कपाळावर घट्ट टेंगूळ. अशा बाळाला घरी ठेवून चोवीस तास लक्ष ठेवणं पुरेसं असतं. त्यातले पहिले चार ते सहा तास महत्त्वाचे. बर्फ थेट न लावता फडक्यात गुंडाळून अधूनमधून काही मिनिटं धरावा. टेंगूळ ‘बसवायला’ ते चोळू किंवा दाबू नये. दुखतंय असं वाटलं तर डॉक्टरांनी वजनानुसार सांगितलेलं पॅरासिटामॉल चालतं; इतर वेदनाशामक विचारल्याशिवाय नको.

आणि झोप? मार लागलेल्या मुलाला झोपू देऊ नये, असं आजही ठामपणे सांगितलं जातं. पण रडून दमलेलं बाळ झोपणारच, आणि त्याची नेहमीची झोपेची वेळ असेल तर झोपू द्यावं. पहिल्या काही तासांत मधून मधून हलवून पाहावं. ते कुरकुरलं, हात झटकला, तोंड दुधाकडे वळवलं, तर ठीक. उठवूनही उठत नसेल किंवा उठून लगेच लोळागोळा होत असेल, तर ती झोप नव्हे. तिथे मिनिटभरही थांबू नये.

दुसरं बाळ सहा महिन्यांचं. तेही रडून थांबलं, खेळलं. दुसऱ्या दिवशी तेल लावताना आजीच्या बोटांना कानाच्या वर मऊ, लिबलिबीत सूज लागली. दाबलं की आत द्रव असल्यासारखी. ही सूज बऱ्याचदा काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी जाणवते, आणि जावळाखाली ती दिसत नाही. म्हणून पडल्यानंतर त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी डोक्यावरून सगळीकडे हलक्या हाताने बोटं फिरवावीत. अशी सूज त्या जागी कवटीला चीर असण्याची खूण असू शकते.

काही लक्षणांवर मात्र ‘थोडं थांबून पाहू’ हे चालत नाही. झटका आला, शुद्ध गेली, उलट्या थांबेनात, नाकाकानातून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव आला, एक हात किंवा पाय हलेना, दोन बाहुल्या लहानमोठ्या दिसू लागल्या, अंग पांढरंफटक पडलं, कशानेही न थांबणारं किरटं रडणं सुरू झालं किंवा दूध पूर्ण बंद झालं, तर १०८ ला फोन करून लगेच रुग्णालय गाठावं. टाळूही पाहावी. बाळ शांत असताना, बसतं धरून पाहिलं तर ती सपाट किंवा किंचित खोलगट असते. तशा स्थितीतही ती फुगून टणक लागली, तर आतला दाब वाढला असण्याची शक्यता असते. रडताना ती फुगतेच, त्याने घाबरू नये.

रुग्णालयात गेल्यावर डॉक्टरांनी लगेच सीटी स्कॅन सांगितला नाही, म्हणून काही जण नाराज होतात. स्कॅनचे किरण वाढत्या मेंदूला शक्यतो टाळायचे असतात. त्यामुळे एखादंच मध्यम धोक्याचं लक्षण असेल, तर बाळाला काही तास वॉर्डात नजरेखाली ठेवणं हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो. गुंगी असेल किंवा हाड मोडल्याचं लागत असेल, तर स्कॅन ताबडतोब होतो. किती वाजता पडलं, किती उंचावरून, फरशीवर की सतरंजीवर, लगेच रडलं का, किती उलट्या झाल्या, हे जिने पाहिलं तिनेच सांगावं. डॉक्टर तेच तेच विचारतात, कारण पुढची दिशा त्यावरून ठरते. बोलणी बसतील म्हणून उंची कमी सांगितली, तर निर्णय चुकू शकतो.

दुसऱ्या बाळाच्या स्कॅनमध्ये बाजूच्या हाडाला सरळ, बारीक चीर निघाली आणि आत रक्तस्राव नव्हता, असं धरू. अशा चिरेला प्लास्टर नाही, शस्त्रक्रिया नाही. ती काही महिन्यांत आपोआप भरून येते. बाळाला बहुधा दिवसभर निरीक्षणाखाली ठेवून घरी सोडतात आणि महिना-दोन महिन्यांनी पुन्हा बोलावतात. ती भेट चुकवू नये. क्वचित, विशेषतः तीन वर्षांखालच्या मुलांत, वाढत्या मेंदूच्या दाबाने चीर मिटण्याऐवजी रुंदावत जाते, आणि जी सूज दोन-तीन आठवड्यांत विरायला हवी ती तशीच राहते किंवा वाढते. दुसऱ्या भेटीत डॉक्टरांची बोटं त्याच जागी फिरतात ती हे पाहण्यासाठी.