सिलिंडर दुप्पट पुरला, पण पैसे वाचले का?

आमच्या अनगोळच्या घरी ३ जानेवारी २०२५ ला लावलेला सिलिंडर १२ फेब्रुवारीला संपला. म्हणजे ४० दिवस. मग भात, डाळ, चहा, कालवण इंडक्शनवर घेतलं. भाकरी आणि तळलेली मासळी गॅसवरच, त्याला जाळ लागतोच. पुढचा सिलिंडर ३ मेपर्यंत गेला, तब्बल ८० दिवस. साडेआठशेचा भाव धरला तर महिन्याला ३२० रुपये वाचले.

आता लाईटबिल. उन्हाळ्यात पंख्यानेही बिल फुगतं, म्हणून नुसती दोन बिलं ताडून कळत नाही. शेगडीचाच हिशोब करा: १२०० वॅटवर रोज सव्वा तास म्हणजे दीड युनिट, महिन्याला ४५. करासकट सात रुपये धरले तर ३१५. झाली की बरोबरी!

खरी गोम गृहज्योतीत आहे. २०२२-२३ च्या सरासरीवर दहा टक्के धरून आपली फुकट युनिटं ठरतात. आमची ११०, हिवाळ्यातला वापर ९०. म्हणजे ४५ पैकी २० युनिटं फुकटात पडली, तेवढाच फायदा. पण एकूण वापर २०० च्या वर गेला तर सगळंच बिल भरावं लागतं. मे महिन्यात दिवसरात्र पंखे सुरू झाले, तसं कालवण आम्ही परत गॅसवर आणलं.