भागीदारीची कंपनी होते तेव्हा

भागीदारी संस्थेची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी करायची ठरली की कागदपत्रांची धावपळ सुरू होते आणि हिशेबाची गोष्ट शेवटावर जाते. मग अनेक ठिकाणी जुन्या वहीतल्या शिल्लक रकमा जशाच्या तशा नव्या कंपनीच्या वहीत उतरवल्या जातात. ही मोठी चूक आहे. इथे धंदा तोच राहिला तरी कायद्याच्या नजरेत मालक बदलतो. संस्था विकते, कंपनी विकत घेते. त्यामुळे पहिला प्रश्न एकच असतो : कंपनी या धंद्याचे किती पैसे देणार? या रकमेलाच खरेदी मोबदला म्हणतात आणि पुढचा सगळा हिशेब तिच्यावर उभा राहतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, दोन भावांचा यंत्रांचे सुटे भाग बनवणारा कारखाना आहे. नफा 3:2 या प्रमाणात वाटला जातो, थोरल्याला तीन वाटे, धाकट्याला दोन. ताळेबंदात थोरल्याचे भांडवल 16 लाख, धाकट्याचे 14 लाख, राखीव निधी 5 लाख, बँकेचे कर्ज 10 लाख आणि मालवाल्यांची देणी 6 लाख आहेत. समोरच्या बाजूला इमारत 15 लाख, यंत्रे 14 लाख, माल 9 लाख, ग्राहकांकडची येणी 10 लाख आणि बँकेतली शिल्लक 3 लाख. दोन्ही बाजूंची बेरीज 51 लाख.

आता वहीतला आकडा आणि आजची किंमत यांत फरक असतो. इमारत जुन्या खरेदीच्या भावाने लिहिलेली असते, तर यंत्रे झिजलेली असतात. दोन्ही पक्षांनी मिळून ठरवले की इमारत 24 लाखांची, यंत्रे 12 लाखांची आणि माल साडेआठ लाखांचा धरायचा. येण्यांपैकी 50 हजार बुडतील, म्हणून ती साडेनऊ लाखांची. बँकेतले 3 लाख तेवढेच. ही मालमत्ता 57 लाखांची झाली. त्यातून कंपनी स्वतःवर घेणार असलेली 16 लाखांची देणी वजा केली की 41 लाख उरतात. ही निव्वळ मालमत्तेची पद्धत. दुसऱ्या पद्धतीत उलट बाजूने मोजतात : संस्थेला कंपनीकडून प्रत्यक्षात मिळणारे शेअर, कर्जरोखे आणि रोख रक्कम यांची बेरीज म्हणजे मोबदला. यात लक्षात ठेवायचे ते इतकेच की शेअर दर्शनी किमतीने मोजायचे नाहीत, ज्या भावाने दिले त्या भावाने मोजायचे.

आपल्या उदाहरणात कंपनी 2,25,000 शेअर देते. दर्शनी किंमत 10 रुपये, पण देण्याचा भाव 20 रुपये. म्हणजे मोबदला 45 लाख. निव्वळ मालमत्ता 41 लाखांचीच होती, मग हे वरचे 4 लाख कशाचे? ते नावलौकिकाचे, ज्याला व्यवहारात सगळे गुडविल म्हणतात. बांधलेली गिऱ्हाइके, बाजारातली पत, चालू धंद्याची घडी यांची ती किंमत. उलट कंपनीने 38 लाखच दिले असते, तर वाचलेले 3 लाख भांडवली राखीव निधीत गेले असते. तो नफा धंद्यातून कमावलेला नाही, म्हणून त्यातून लाभांश वाटायचा नसतो.

संस्थेच्या वहीत हा व्यवहार वसुली खात्यातून जातो. 51 लाखांची मालमत्ता त्याच्या नावे, 16 लाखांची देणी आणि 45 लाखांचा मोबदला जमा. फरक 10 लाखांचा, तोच वसुलीचा नफा. तो नफ्याच्या प्रमाणात वाटायचा : थोरल्याला 6 लाख, धाकट्याला 4 लाख. राखीव निधीही तसाच, 3 आणि 2 लाख. मग थोरल्याच्या खात्यावर 25 लाख आणि धाकट्याच्या खात्यावर 20 लाख होतात.

खरी अडचण शेअर वाटताना येते. पुष्कळ घरांत सवयीने ‘आपले तीनास दोन’ म्हणून शेअरही त्याच प्रमाणात वाटले जातात. तसे केले तर थोरल्याला 1,35,000 शेअर, म्हणजे 27 लाखांचा हिस्सा जातो आणि धाकट्याचे 2 लाख त्याच्या नकळत सरकतात. नफ्याचे प्रमाण नफ्यापुरतेच. शेअर भांडवल खात्यांच्या अखेरच्या शिलकीप्रमाणे द्यायचे : थोरल्याला 1,25,000 आणि धाकट्याला 1,00,000. इतके केल्यावर दोन्ही खाती शून्यावर येतात आणि जुनी वही मिटते. खाते शून्यावर आले नाही, तर चूक मागे कुठेतरी राहिली असे खुशाल समजावे.

कंपनीच्या वहीतल्या आरंभीच्या नोंदी तीन. पहिल्या नोंदीत व्यवसाय खरेदी खाते 45 लाखांनी नावे आणि विकणारी संस्था जमा. दुसऱ्या नोंदीत मालमत्ता ठरलेल्या किमतीने नावे पडते : इमारत 24, यंत्रे 12, माल 8.5, येणी 10, बँक 3 आणि गुडविल 4 लाख. जमेला बँकेचे कर्ज 10, देणी 6, संशयित येण्यांची तरतूद अर्धा लाख आणि व्यवसाय खरेदी 45 लाख. दोन्हीकडे 61.5 लाख. येणी इथे पूर्ण 10 लाखांची लिहितात आणि तरतूद वेगळी दाखवतात, कारण ग्राहकाकडून मागायची रक्कम पूर्णच असते. तिसऱ्या नोंदीत विकणारी संस्था 45 लाखांनी नावे, शेअर भांडवल 22.5 लाख आणि शेअर प्रीमियम 22.5 लाख जमा.

या नोंदींत संस्थेचा राखीव निधी कुठेही नाही, भावांची भांडवल खातीही नाहीत. ते भागीदारांचे होते, त्यांच्याकडे शेअरच्या रूपाने गेले. नव्या कंपनीच्या पहिल्याच ताळेबंदात जुना 5 लाखांचा राखीव निधी दिसला, तर वही नुसती उतरवली आहे हे ओळखावे. कंपनीने अजून एक रुपयाही कमावलेला नसतो.

आयकराची बाजूही याच आकड्यांना बांधलेली आहे. या हस्तांतरावर भांडवली नफ्याचा कर लागू नये म्हणून 1961 च्या आयकर कायद्याने काही अटी घातल्या होत्या. धंद्याची सगळी मालमत्ता आणि सगळी देणी कंपनीकडे जावीत. सगळे भागीदार भांडवल खात्यांच्या प्रमाणातच भागधारक व्हावेत. शेअरखेरीज त्यांना दुसरा कोणताही मोबदला किंवा लाभ मिळू नये. आणि मतदानाचा किमान 50 टक्के हक्क पाच वर्षे त्यांच्याकडे मिळून राहावा. म्हणजे बँकेतले 3 लाख आपल्याकडे ठेवून बाकी धंदा देणे, किंवा एका भावाला थोडी रोख रक्कम देऊन समजूत घालणे, हे हिशेबात बसले तरी करसवलत घालवू शकते. अट नंतर मोडली तरी माफ झालेला नफा कंपनीच्या करपात्र उत्पन्नात येतो.

किंमत वाढवून लिहिण्यातही धोका आहे. मनसुख डाईंग अँड प्रिंटिंग मिल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये, संस्थेच्या मालमत्तेचे पुनर्मूल्यांकन करून वाढ भागीदारांच्या खात्यावर जमा करणे करपात्र ठरवले. तेव्हा इमारतीचे 15 चे 24 लाख करण्याआधी, सध्या लागू असलेल्या कायद्याप्रमाणे त्या 9 लाखांवर काय परिणाम होईल हे सीएकडून लेखी घ्या, आणि विक्रीकरारावर सही त्यानंतरच करा.